हिरव्या कापडाच्या आतली धूळ : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागांतली बांधकामे थांबवत असल्याचे जाहीर केले. तिथला हवेचा निर्देशांक २०० च्या खाली यायला तयार नव्हता, म्हणून सरकारी आणि खासगी दोन्ही कामे बंद झाली. हवा सुधारली, जानेवारीत बंदी उठली, बोरिवलीतल्या क्रेन पुन्हा फिरू लागल्या. निर्णय कडक होता आणि माझ्या मते योग्यही होता. पण तो ज्या निर्देशांकावर घेतला, तो मोजणारे यंत्र उघड्यावर असते. आठव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात ग्राइंडर चालवणारा गवंडी कोणत्या हवेत श्वास घेतो, हे त्यात दिसत नाही.

मी उपनगरांतल्या पुनर्विकासाच्या इमारतींवर सुरक्षेचे काम पाहतो. सकाळी काम सुरू होण्याआधी कामगारांना गोळा करून दहा मिनिटे बोलायचे, हा त्या कामाचाच भाग. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. साइटवर सगळे नुसते टीबीटी म्हणतात. उंचीवरचे काम, बेल्ट, वायरिंग, लिफ्टचा खड्डा या विषयांवर टीबीटी होतो. भिंत आणि टाइल कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीवर क्वचित होतो, आणि झाला तरी ‘मास्क लावा’ एवढ्यावर संपतो. म्हणून एका टीबीटीचा मजकूर या पत्रातच देतो आहे. आधी तो का लागतो ते सांगतो.

महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या धूळ नियंत्रणाच्या सूचना आम्ही साइट ऑफिसात लावलेल्या आहेत. पत्र्याचे उंच कुंपण, इमारतीभोवती हिरवे कापड, ट्रकची चाके धुणे, फवारे. त्यातच एक सूचना अशी आहे की घासणे, कापणे, ड्रिल करणे ही कामे बंदिस्त जागेत करावीत आणि त्या वेळी पाण्याचा फवारा चालू ठेवावा. शेजारच्या सोसायटीच्या दृष्टीने हे उत्तम आहे. पण बंदिस्त जागेत धूळ कोंडली म्हणजे ती कापणाऱ्याच्याच वाट्याला येते. आणि भिंतीत झिरी मारताना, ज्याला साइटवर चेसिंग म्हणतात, खोलीत फवारा सोडणे जवळजवळ निरुपयोगी असते. पाणी ब्लेडच्या टोकाशी पडले तर धूळ उडण्याआधीच भिजते. एकदा उडालेला बारीक कण हवेतल्या थेंबांना फारसा सापडत नाही. शिवाय २३० व्होल्टच्या साध्या ग्राइंडरजवळ पाणी म्हणजे शॉकला आमंत्रण. सूचना पाळायची म्हटली तर कामगार धोक्यात, नाही पाळली तर नोटीस. मग सुपरवायझर मधला मार्ग काढतो : दार लावून घेतो, बाहेर पॅसेजमध्ये पाणी मारतो आणि त्याचा फोटो काढतो.

एक हिशेब मांडतो. अंधेरीतल्या कुठल्याही टू बीएचके फ्लॅटमधले आठ बाय पाच फुटांचे न्हाणीघर घ्या, उंची नऊ फूट. आत साधारण दहा घनमीटर हवा मावते. गरम-गार पाण्याच्या लाइनसाठी विटेच्या भिंतीत दहा मीटर झिरी मारायची आहे. झिरीच्या दोन कडा ग्राइंडरने कापतात आणि मधला भाग छिन्नीने उडवतात. म्हणजे ब्लेडचा काप वीस मीटर. ब्लेडची जाडी दोन मिलिमीटर आणि खोली तीस मिलिमीटर धरली, तर दोन किलोहून जास्त वीट पिठासारखी होते. विटेचा पाचवा हिस्सा क्वार्ट्झ धरा, म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर. यातला दहा हजारांतला एकच भाग फुप्फुसात शिरण्याइतका बारीक होऊन हवेत राहिला, असे अगदी हात आखडून समजू. तरीही प्रत्येक घनमीटरला चार मिलिग्रॅमच्या वर क्वार्ट्झ होते. अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी घातलेली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे काप चालू असताना त्या न्हाणीघरात ऐंशी पटींहून जास्त. गवंडी दिवसभर कापत नाही हे खरे, पण ही मर्यादा त्याला पाच-सात मिनिटांतच गाठता येते.

आता मजकूर. साइटवर मी तो सरमिसळ हिंदीत बोलतो, कारण समोर उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, मराठवाडा असे सगळीकडचे लोक असतात. इथे मराठीत लिहितो. बोलणाऱ्याने हातात एक वीट, एक ब्लेड आणि एक मास्क घेऊन उभे राहावे.

टीबीटी : झिरी आणि कटिंगची धूळ

“मिस्त्री, दादा, ताई, सगळे जवळ या. आज बाराव्या मजल्यावर झिरी मारायची आहे आणि नवव्यावर टाइल लागायची आहे. दोन्हीकडे धूळ होणार. वीट, रेती, सिमेंटचा गिलावा, टाइल, ग्रॅनाइट, सगळ्यांत सिलिका असते. विटेत कमी-जास्त, टाइलमध्ये बरीच, आणि किचनच्या ओट्याला हल्ली जो कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झचा दगड लावतात त्यात सगळ्यात जास्त. तो दगड कापणारे कामगार जवान वयात इतके आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. तो दगड आपल्याकडे आला तर तयार मापाने कापूनच आला पाहिजे. इथे कोणी त्याला ब्लेड लावायचे नाही.

“डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते, थुंकीतून बाहेर जाते. जी दिसत नाही ती खोल जाते आणि तिथेच राहते. तिच्याभोवती फुप्फुसात गाठी होतात, फुप्फुस कडक होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. आज धूळ खाल्ली म्हणून उद्या काही होत नाही. थोडी थोडी धूळ दहा-वीस वर्षे खाल्ली की जिने चढताना दम लागतो. बंद खोलीत रोज भरपूर खाल्ली तर तेच चार-पाच वर्षांतही होते. गाठी विरघळवणारे औषध नाही. काम सोडले तरी आजार पुढे सरकू शकतो. आणि अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो.”

इथे थांबून दोन प्रश्न येऊ द्यावेत. हमखास येणारा पहिला : गूळ खाल्ला की धूळ निघून जाते ना? नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दुसरा : आमचे वडील आयुष्यभर गवंडीकाम करत होते, त्यांना काही झाले नाही. त्याचे उत्तर असे की वडील छिन्नी-हातोडा वापरत होते. छिन्नीने वीट फुटते, तिचे तुकडे पडतात. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारे ब्लेड तिचे पीठ करते. गवंडीकाम जुने असले तरी हे यंत्र या कामात अलीकडचे आहे, हे ऐकल्यावर म्हातारे मिस्त्रीही मान डोलावतात.

“आता काम. पहिला प्रश्न नेहमी हा : कापायलाच हवे का? आपल्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या ब्लॉकच्या आहेत. या ब्लॉकला ग्राइंडरची गरजच नाही. ब्लॉक हातकरवतीने कापा. झिरी हाताने ओढायच्या चेसरने काढा, दोन-तीन वेळा ओढला की पाइपाची खोली मिळते. त्यातून भुगा पडतो तो जाड असतो, पायाशीच पडतो. गिलावा होण्याआधी इलेक्ट्रिशियनने खडूने लाइन मारून द्यायची, म्हणजे गिलावा झाल्यावर पुन्हा भिंत फोडायची वेळ येणार नाही. टाइलचा सरळ काप हँडलवाल्या टाइल कटरवर घ्या. आधी चरा मारा, मग दाबा, टाइल तुटते. धूळ जवळजवळ नाहीच.

“विटेच्या आणि आरसीसीच्या भिंतीला ग्राइंडर लागणार. त्याला हे कव्हर लावायचे आणि नळी व्हॅक्यूमला जोडायची. आधी व्हॅक्यूम सुरू, मग ग्राइंडर. कव्हर भिंतीला पूर्ण टेकलेले पाहिजे. तिरके धरले की फटीतून सगळी धूळ बाहेर. ब्लेड ज्या बाजूला धूळ फेकते ती बाजू नळीच्या तोंडाकडे राहील अशा बेताने मशीन सरकवा. काप संपला की ब्लेड थांबेपर्यंत कव्हर उचलू नका. कोपऱ्यात, छताजवळ, जमिनीजवळ शेवटचे तीन-चार इंच कव्हर बसत नाही. तिथे कव्हर काढून कापायचे नाही. तेवढे छिन्नीने उडवा.”

हा भाग बोलून भागत नाही, करून दाखवावा लागतो. व्हॅक्यूम म्हणजे घरातला नव्हे. घरातल्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बारीक धूळ आरपार जाऊन मागच्या बाजूने खोलीतच परत येते. अमेरिकेच्या नियमात गिलावा आणि सांधे कापणाऱ्या ग्राइंडरला ब्लेडच्या प्रत्येक इंचामागे मिनिटाला २५ घनफूट हवेची ओढ सांगितली आहे आणि फिल्टरने ९९ टक्के धूळ अडवली पाहिजे असे म्हटले आहे. चार इंची ब्लेडला म्हणजे मिनिटाला साधारण २,८०० लिटर हवा ओढणारी मशीन हवी. सुरुवातीला ती ओढतेही. फिल्टरवर थर बसला की ओढ कमी होत जाते, आवाज मात्र तोच राहतो. त्यामुळे कामगाराला वाटते मशीन चालू आहे. म्हणून पुढचा मुद्दा मजकुरात आहे.

“व्हॅक्यूम ओढतो की नाही हे कानाने नाही, डोळ्याने बघायचे. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च कव्हरच्या बाजूने धरा आणि समोरून उजेडाच्या पट्ट्यात बघा. धूर दिसला तर काम थांबवा, फिल्टर झाडण्याचा खटका दाबा, पिशवी भरली असेल तर बदला. पिशवी खोलीत उघडून ओतायची नाही, बांधून बाहेर न्यायची. आणि फिल्टर भिंतीवर आपटून कोणी साफ केला तर ती व्हॅक्यूमने पकडलेली सगळी धूळ पुन्हा हवेत आली.

“पाण्याने कापायचे तर पाण्यासाठी बनलेली मशीनच हवी, म्हणजे पाइपाची जागा असलेला मार्बल कटर किंवा टेबल कटर. साध्या ग्राइंडरवर बिगाऱ्याने बाटलीने पाणी ओतायचे, हे आजपासून बंद. पाण्याच्या मशीनची लाइन ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीमधूनच घ्यायची. सकाळी टेस्टचे बटण दाबा. ट्रिप झाली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर मशीनला हात लावू नका. पाणी अर्धा लिटर मिनिटाला तरी यायला पाहिजे; ब्लेडजवळ चिखल दिसला तर पाणी बरोबर, ढग दिसला तर कमी. तो चिखल ओला असतानाच उचला. वाळला की त्याचीच धूळ होते.”

मास्कचा भाग मी मुद्दाम मशीनच्या सूचनांनंतर ठेवतो. पहिल्यांदा मास्क सांगितला की बाकीचे कोणी ऐकत नाही, ठेकेदार तर नाहीच; मास्कचा बॉक्स स्वस्तात येतो आणि रजिस्टरला सही होते. वरचाच हिशेब पुढे नेला तर काय होते बघा. नीट बसलेला साधा एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रतीचा मास्क आतली धूळ दहा पटींनी कमी करतो असे धरतात. ऐंशी पटींच्या न्हाणीघरात तो लावून उभे राहिलेला माणूस अजून मर्यादेच्या आठपट धूळ घेतो आहे. एफएफपी-३ वापरला तरी चौपट. म्हणजे कव्हर-व्हॅक्यूम नसेल तर मास्क हा उपाय नाही, आणि कव्हर-व्हॅक्यूम असेल तरी बंद खोलीत मास्क लागतोच. दोन्ही वाक्ये एकत्रच सांगायला हवीत, कारण पहिले एकटे सांगितले की कामगार मास्क काढून ठेवतो.

“रुमाल, गमछा, दवाखान्यातला निळा मास्क, यांनी बारीक धूळ अडत नाही. हा मास्क घ्या. दोन पट्टे आहेत, एक डोक्याच्या वर, एक मानेवर. दोन्ही मानेवर घेतले की तो सैल बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. आता दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढीवर मास्क बसत नाही. ज्यांना दाढी ठेवायची आहे त्यांनी मला सांगा, त्यांना झिरीचे काम देणार नाही, मजुरी कापणार नाही. मास्क ओला झाला, श्वास घ्यायला जड वाटला की नवीन मागा. मागायला लाजू नका, मी मोजणार नाही.

“ताई, हे तुमच्यासाठी. मशीन बंद झाली की लगेच झाडू घेऊन आत जायचे नाही. सगळ्यात बारीक धूळ तासभर हवेतच असते. खिडकी उघडा, खिडकीत पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, नंतर आत जा. कोरडा झाडू बंद. आधी व्हॅक्यूम, तो नसेल तर पाणी शिंपडून ओला भुगा करून उचला. ब्लोअरने खोली साफ करायची नाही. मास्क तुम्हालाही तोच, मिस्त्रीला मिळतो तोच. सुटी झाल्यावर कपडे झटकू नका, इथेच बदला आणि पिशवीत बांधून न्या. लोकलमध्ये आणि घरी पोरांच्या अंगावर ही धूळ जायला नको.

“शेवटचे. खोकला तीन आठवड्यांवर गेला, जिना चढताना पूर्वीपेक्षा दम लागला, तर डॉक्टरकडे जा, आणि गेल्यावर आपणहून सांगा : मी इतकी वर्षे भिंती कापतो. डॉक्टर विचारतीलच असे नाही. कोणाला काही विचारायचे आहे?”

झाडणाऱ्या बाईबद्दल तासभर म्हटले ते अंदाजपंचे नाही. दोन मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा, हवा स्थिर असेल तर दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला एक तासाहून अधिक घेतो. माणसांच्या येण्या-जाण्याने हा वेळ आणखी लांबतो. गवंड्याने मशीन बंद केली आणि चहाला गेला; त्याच्या वाट्याची उरलेली धूळ बिगारी बाई खाते. साइटवरच्या हजेरीत तिचे काम ‘सफाई’ असे लिहिलेले असते, त्यामुळे धुळीचे काम करणाऱ्यांच्या यादीत ती येतच नाही.

डॉक्टरला सांगायचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. एक्स-रेमध्ये सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, टीबीही बहुधा तिथेच दिसतो, आणि मुंबईत टीबी इतका आहे की डॉक्टरच्या मनात आधी तोच येतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीचे औषध सुरू होते, कोर्स संपतो, दम तसाच राहतो, पुन्हा कोर्स. दोन्ही आजार एकाच माणसाला असणेही सहज शक्य आहे, म्हणून टीबीची तपासणी टाळायची नाही. तिच्या बरोबरीने कामाचा इतिहास लिहून घ्यायचा. महापालिकेचे दवाखाने आणि रुग्णालये आपल्याच हाताखाली आहेत. केसपेपरवर ‘मजुरी’ लिहितात त्या जागी ‘कटिंग किंवा झिरीचे काम, किती वर्षे’ अशी एक ओळ वाढवली, तर उपनगरांत हे आजारी लोक किती आहेत हे दोन-तीन वर्षांत तुम्हाला स्वतःच्याच कागदांवरून कळेल. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी वेगळे धोरण केले. तिथला दगड वेगळा आहे, खाणकाम मोठे आहे. पण तिथून टाइल आणि मार्बलच्या कामाला आलेली माणसे आपल्याच इमारतींत कापत आहेत.

आता मागणे. बांधकाम परवानगीच्या अटींत ‘बंदिस्त जागेत कापणे’ या शब्दांपुढे ‘ब्लेडवरच पाणी किंवा कव्हरसह व्हॅक्यूम’ एवढे जोडावे. हे न जोडता आजची अट तशीच ठेवली तर ती शेजाऱ्याची धूळ कामगाराच्या छातीत सरकवते, इतके स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. तुमचे पथक साइटवर येते तेव्हा ते कुंपण मोजते, फवारे बघते, चाके धुण्याची जागा बघते. ते एकदा वरच्या मजल्यावर जाऊन चालू झिरीजवळ टॉर्च मारून बघू शकेल. यासाठी कुठलेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही.

याहून अवघड प्रश्न मोठ्या साइटचा नाहीच. तिथे निदान माझ्यासारखा एक माणूस असतो. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या राहत्या सोसायटीत एखाद्या घराचे न्हाणीघर नव्याने होते तेव्हा सकाळी नाक्यावरून दोन माणसे येतात, त्यांचा स्वतःचा ग्राइंडर असतो, मालक दाराला ओला टॉवेल लावतो कारण धूळ हॉलमधल्या सोफ्यावर यायला नको. तिथे टीबीटी कोण घेणार? ठेकेदार तर अनेकदा फोनवरच असतो. कव्हर-व्हॅक्यूम त्या दोन माणसांना परवडणारे नाही, आणि एका दिवसासाठी मालकही ते विकत घेणार नाही. पण मोठ्या मशिनी जशा भाड्याने मिळतात तसे हेही मिळू शकते. सोसायट्या आतल्या कामाआधी अनामत घेतात, अर्ज भरून घेतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नको अशी अट घालतात. त्या अर्जात ‘कापण्याचे काम कव्हर-व्हॅक्यूम लावून किंवा पाण्याच्या मशीनने’ ही एक ओळ आली तर भाड्याने देणारा दुकानदार आपोआप तयार होईल. डेब्रिज उचलण्यासाठी सोसायट्या विभाग कार्यालयाकडे येतातच. के-पूर्व, के-पश्चिम, आर-मध्य, टी आणि एन या पाच विभागांनी तेव्हाच हा नमुना अर्ज त्यांच्या हातात दिला तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर एवढा पट्टा झाकला जातो. नाका कामगाराला वरचा मजकूर वाचून दाखवण्याचे काम मग सोसायटीचा मॅनेजरही करू शकेल. त्यातला व्हॅक्यूमचा भाग मात्र त्याने आधी कोणाकडून तरी करून बघावा.

मजकुरावर माझा हक्क नाही. महापालिकेने तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नडमध्ये करून घ्यावा, छापावा, हवा तर माझी वाक्ये बदलावीत. एवढेच करू नये की त्यातून ‘मास्क लावा’ हा एक परिच्छेद उचलून त्याचे पोस्टर करावे.

आपला,
पूर्व उपनगरातला एक साइट सुरक्षा पर्यवेक्षक